बत्तीस ओळींच्या स्पेक शीटमधून वीस सेकंदांचं एकच वाक्य

प्रश्न: आमच्या कंपनीचं नवीन कॉर्डलेस ड्रिल येतंय. स्पेक शीट दोन पानांची, ३२ ओळींची आहे आणि मला त्यावर २० सेकंदांचा प्रमोशनल व्हिडिओ करायचाय. इंजिनिअर म्हणतात टॉर्क दाखवा, सेल्सवाले म्हणतात बॅटरी, साहेब म्हणतात ‘सगळंच थोडं थोडं येऊ दे’. यातून एकच मेसेज काढायचा कसा?

उत्तर:

काही वर्षांपूर्वी मी जवळपास अशाच एका ड्रिलचा व्हिडिओ केला होता. तीच केस उलगडून सांगतो. ओळख कळू नये म्हणून आकडे थोडे बदललेत, पण हिशेब तसाच्या तसा ठेवलाय.

आधी एक गोष्ट करा. तुमची शीट एकटी वाचू नका. एकटी वाचली की प्रत्येक ओळ महत्त्वाची वाटते, कारण ती लिहिणाऱ्याने जीव ओतून लिहिलेली असते. प्रतिस्पर्ध्यांच्या तीन शीट्स शोधा, त्यांच्या वेबसाइटवर त्या सहज मिळतात, आणि चौघांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडा. मग पेन्सिल घेऊन जे चौघांकडेही आहे ते खोडत जा. १३ मिलिमीटरचा चक, दोन गिअर, उलट-सुलट फिरण्याचं बटण, लिथियम-आयन बॅटरी, रबरी पकड: सगळं खोडलं गेलं. या गोष्टी नसत्या तर कुणी ड्रिल घेतलं नसतं हे खरं, पण आहेत म्हणून कुणी हेच ड्रिल घेणार नाही. आमच्या ३२ ओळींतल्या सहा उरल्या.

खोडताना एका ओळीवर मात्र बराच वेळ गेला. आमचं ड्रिल १८ व्होल्टचं, आणि एका प्रतिस्पर्ध्याच्या शीटवर ठळक अक्षरांत २० व्होल्ट लिहिलेलं. प्रॉडक्ट मॅनेजर हबकले. प्रत्यक्षात दोन्ही पॅकमध्ये एका ओळीत पाच सेल असतात. एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ धरला तर पाचांचे १८ होतात, आणि पूर्ण चार्ज झाल्या झाल्या एक सेल ४ व्होल्टच्या थोडा वर असतो म्हणून तेच पाच सेल २० सांगता येतात. वस्तू एकच, मोजायची वेळ वेगळी. स्पेक शीटवरचा आकडा कोणत्या परिस्थितीत मोजलाय हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा धडा मी तिथे घेतला, आणि पुढे त्याच कामात तो दोनदा उपयोगी पडला.

पहिल्यांदा टॉर्कच्या बाबतीत. इंजिनिअरांचा सगळा जीव त्या ६० न्यूटन-मीटरमध्ये. तक्त्यात बाकीच्यांचे आकडे होते ५४, ६० आणि ६५, म्हणजे आम्ही मधेच कुठेतरी. त्यातून हा हार्ड टॉर्क. फिरतं टोक एकदम घट्ट अडवल्यावर क्षणभर जो झटका मिळतो, त्याचा आकडा. लाकडात स्क्रू जाताना प्रतिकार हळूहळू वाढतो. त्याला जवळचा आकडा सॉफ्ट टॉर्कचा, आणि तो आमच्या शीटवर दुसऱ्या पानावर २७ म्हणून बसला होता. हे सगळं बाजूला ठेवलं तरी मूळ अडचण उरतेच: ६० न्यूटन-मीटर कॅमेऱ्याला दिसत नाहीत. स्क्रू आत गेला की गेला. ५४ ने गेला की ६५ ने, प्रेक्षकाला काय कळणार?

उरलेल्या सहा ओळी अशा होत्या: लांबी १५२ मिलिमीटर, बॅटरीसकट वजन १.२ किलो, आयपी ५४, ब्रशलेस मोटर, बटण सोडल्यावरही दहा सेकंद जळत राहणारा एलईडी, आणि ४५ मिनिटांत चार्जिंग. आयपी ५४ तर आमच्याशिवाय कुणाकडेच नव्हतं. बाकी पाचांत कुठे आम्ही थोडे पुढे, कुठे दोघं बरोबरीत. लांबीत मात्र फरक मोठा होता. बाकीचे १८२, १८८ आणि १९५.

इथे बहुतेक लोक घसरतात, आणि मीही घसरलो असतो. जे फक्त आपल्याकडे आहे तेच सांगायचं, असं वाटतं. त्या हिशेबाने आयपी ५४ जिंकायला हवं होतं. पण आयपीच्या दोन आकड्यांतला पहिला ५ धुळीसाठी आणि दुसरा ४ पाण्यासाठी. ४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतं, एवढंच. व्हिडिओत पाण्यापासून संरक्षण दाखवायचं म्हटलं की दिग्दर्शकाच्या डोळ्यांसमोर बादली येते. ड्रिल बादलीत बुडवलं तर ते खोटं, आणि नुसते शिंतोडे उडवले तर बघणाऱ्याला वाटणार की यात काय विशेष. शिवाय आमचा गिऱ्हाईक कपाटं बसवणारा माणूस. तो छपराखाली काम करतो. त्याचं ड्रिल पावसात भिजत नाही. एकमेव असलेली गोष्ट त्याच्या कामाची नसेल तर ती खालीच ठेवायची. मग मी त्या सहा ओळींना तीन प्रश्न विचारले. हे कॅमेऱ्याला दिसेल का? आज याचा कुणाला रोज त्रास होतोय का? आणि शेजारचा उद्या उठून हेच म्हणाला तर तो खोटा ठरेल का? तिन्हीला हो म्हणणारी ओळ एकच होती, लांबी.

पण ‘लांबी १५२ मिलिमीटर’ हा मेसेज नव्हे. ‘कॉम्पॅक्ट’ हाही नव्हे. आमच्या ब्रीफवर पहिल्या दिवसापासून ‘सर्वांत कॉम्पॅक्ट’ लिहिलेलं होतं आणि त्या शब्दाने पंधरा दिवस खाल्ले, कारण तो ऐकून कुणाच्याच डोळ्यांसमोर काही येत नाही. एक जण म्हणायचा लहान मुलाच्या हातात दाखवा, दुसरा म्हणायचा खिशात टाका. आकड्यापासून चित्रापर्यंत यायला ‘म्हणून काय?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो, आणि तो कुठे थांबवायचा हेही कळावं लागतं.

ड्रिल आखूड आहे. म्हणून काय? अरुंद जागेत शिरतं. म्हणून काय? इथे मला उत्तर येईना, आणि ऑफिसात कुणालाच येईना. तेव्हा मी एक अर्धा दिवस कपाटं बसवणाऱ्या एका फिटरशेजारी जाऊन नुसता बसलो. त्याचं जुनं ड्रिल १९५ मिलिमीटरचं होतं, योगायोगाने आमच्याच कंपनीचं जुनं मॉडेल. ड्रॉवरची रनर-पट्टी तो कपाटाच्या आतल्या बाजूला लावत होता, म्हणजे ड्रिल दोन फळ्यांच्या मधे आडवं धरायचं. ते बसेना, म्हणून तो मागचा भाग वर उचलून तिरकं धरायचा. बिट स्क्रूच्या खाचेतून निसटायचं, कर्रकन आवाज यायचा आणि खाच चावली जायची. मी विचारलं, ‘‘ड्रिल आत शिरत नाही याचा वैताग येत असेल ना?’’ तो म्हणाला, ‘‘शिरायचं सोडा हो, कसंतरी शिरवतो. पण ड्रिल तिरकं झालं की स्क्रूचं डोकं जातं. मग तो ना पुढे जातो ना बाहेर येतो.’’

मेसेज मला तिथे मिळाला. आम्ही जागेबद्दल बोलत होतो आणि त्याचं दुखणं स्क्रूचं होतं. आखूड ड्रिल अरुंद जागेत सरळ उभं राहतं, म्हणून स्क्रू सरळ जातो. साखळी आणखी वर नेता आली असती: स्क्रू सरळ, म्हणून ड्रॉवर अडकत नाही, म्हणून काम पुन्हा करावं लागत नाही, म्हणून मनाला स्वस्थता. आमच्या एका सहकाऱ्याला ती स्वस्थताच फार आवडली होती. पण स्वस्थता बॅटरी विकणाराही देतो आणि विमा विकणाराही. साखळीतली जी पायरी कॅमेऱ्याने एका शॉटमध्ये दाखवता येते आणि जिच्यावरून वस्तू अजून ओळखू येते, तिथे थांबायचं. तिच्या खाली आकडा उरतो आणि वर सुविचार.

जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकबुक एअर मंचावर आणला तो ऑफिसच्या साध्या लिफाफ्यातून बाहेर काढून. जाडीचे आकडे त्या सादरीकरणातही होते. लोकांच्या लक्षात राहिला तो लिफाफा. आमच्यासाठी त्या लिफाफ्याचं काम स्क्रूच्या डोक्याने करायचं होतं.

आता आकड्याची दुसरी भानगड. वाक्य ठरलं, ‘अरुंद कपाटातही स्क्रू सरळ.’ दिग्दर्शकाने लगेच चित्रीकरणासाठी २५० मिलिमीटर रुंदीचं कपाट मागवायला सांगितलं, कारण जितकं अरुंद तितकं दृश्य रंगतं. मी म्हटलं, थांबा, आधी मोजूया. शीटवरची १५२ मिलिमीटर ही लांबी चकच्या टोकापासून मोटरच्या मागच्या टोकापर्यंतची, बिट न लावता मोजलेली. बहुतेक शीट्सवर ती अशीच असते. प्रत्यक्षात चकच्या पुढे बिट साधारण ३० मिलिमीटर बाहेर असतं, त्याच्या पुढे १६ मिलिमीटरचा स्क्रू असतो, आणि मागच्या बाजूला तळहाताचा बेचका २८ मिलिमीटर तरी जागा घेतो. बेरीज झाली २२६. २५० च्या कपाटातून १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या वजा केल्या की आत उरतात २१४. म्हणजे आमचं ड्रिलही त्यात सरळ बसत नव्हतं! शूटिंगच्या दिवशी कुणीतरी कपाटाची पलीकडच्या बाजूची फळी काढून हात तिकडून घातला असता, शॉट मिळाला असता आणि पहिल्या फिटरने घरी जाऊन खोटं पकडलं असतं.

३०० च्या कपाटात आत २६४ मिलिमीटर मिळतात. त्यात आमचं ड्रिल २२६ मध्ये आरामात बसतं, जुन्या १९५ च्या मॉडेलला मात्र २६९ लागतात. पाच मिलिमीटरने हुकतं. पण त्याच हिशेबाने १८२ वाल्या प्रतिस्पर्ध्याला २५६ लागतात आणि १८८ वाल्याला २६२. म्हणजे तेही बसतात, एक जेमतेम आणि एक अगदी घासून. त्यामुळे ‘दुसरं कुठलंच ड्रिल इथे बसत नाही’ असं म्हणण्याची सोय राहिली नाही. कॉपीरायटरला वाईट वाटलं. मला नाही, कारण त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांशी तुलनेचा विषयच संपला. आम्ही ‘लांब ड्रिल’ आणि ‘हे ड्रिल’ एवढंच दाखवायचं ठरवलं, लांब ड्रिलच्या शॉटवर बारीक अक्षरांत त्याची लांबी लिहिली, आणि वाक्यात ‘सर्वांत’ हा शब्द येऊ दिला नाही. ३०० पेक्षा अरुंद कपाटात काय करायचं, याचं प्रामाणिक उत्तर काटकोनी अडॅप्टर हे आहे, आणि ते प्रॉडक्टच्या पानावर लिहिलं.

तुमचं वाक्य तयार झालं की ‘आणि’ शोधा. मोठ्याने वाचा. ‘आखूड आणि ताकदवान’, ‘हलकं आणि टिकाऊ’ असं काही निघालं तर तुमच्याकडे दोन व्हिडिओ आहेत. काही वेळा ‘आणि’ लपून बसतो. ‘आखूड असूनही ताकदवान’ यातही दोन मेसेज आहेत, फक्त भांडण मिटवल्यासारखे शेजारी बसवलेले. आमच्याकडे हे वाक्य तीनदा परत आलं, दरवेळी वेगळा वेश करून.

ते परत येतं कारण बाकीच्या ३१ ओळींच्या मागे माणसं असतात. बैठकीत ‘एकच मेसेज हवा’ असं तत्त्व मांडून काही होत नाही. मी केलं ते असं: त्याच तक्त्यात एक नवा रकाना घातला, ‘ही ओळ कुठे राहणार’. प्रत्येक ओळीला पत्ता दिला. चार्जिंगची वेळ खोक्यावर. टॉर्कचे दोन्ही आकडे, हार्ड आणि सॉफ्ट, विक्रेत्यांना देण्याच्या तुलना-तक्त्यात, कारण तिथे ते खरंच विचारले जातात. आयपी ५४ प्रॉडक्टच्या पानावर, शिंतोड्यांचा अर्थ सांगून. काही ओळी फक्त मॅन्युअलमध्ये. आपली ओळ बेघर झालेली नाही हे दिसलं की माणसं बरीच शांत होतात. खरंच होतात, मी पाहिलंय.

मग राहिलेल्या ओळींतल्या कोणत्या मेसेजला हातभार लावतात हे पाहिलं. ब्रशलेस मोटरचा इथे छान उपयोग निघाला. तिच्यात कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटर नसतो, त्यामुळे ती लांबीला कमी बसते. ड्रिल आखूड का, याचं कारणच ती. म्हणजे ब्रशलेस हा वेगळा मुद्दा राहिला नाही, मेसेजची साक्ष झाला. टॉर्कचंही तसंच. आखूड ड्रिल पाहिल्यावर मनात पहिली शंका येते की याला जोर असेल का. त्या शंकेला उत्तर द्यायला आकडा लागत नाही. स्क्रू न थांबता शेवटपर्यंत गेला आणि त्याचं डोकं पट्टीला टेकलेलं दिसलं की शंका मिटते. इंजिनिअरांना मी सांगितलं, तुमचा टॉर्क व्हिडिओत आहे, फक्त बोलत नाहीये.

मग पटकथा. २० सेकंदांत शांतपणे बोललं तर चाळीसेक शब्द बसतात, पण चाळीस बसवले की चित्राला श्वास उरत नाही. आम्ही २० च्या आत राहायचं ठरवलं. शेवटी झालेला मजकूर असा:

० ते ५ सेकंद: कॅमेरा कपाटाच्या आत. लांब ड्रिल दोन फळ्यांमधे येतं, मागचा भाग फळीवर आपटतो, ते तिरकं होतं. बिट निसटतं. स्क्रूच्या चावल्या गेलेल्या डोक्याचा क्लोज-अप. आवाज: ‘‘जागा अरुंद, की ड्रिल तिरकं. ड्रिल तिरकं, की स्क्रू वाया.’’

५ ते ८ सेकंद: तेच कपाट, कॅमेराही त्याच जागी. नवं ड्रिल आत येतं आणि सरळ बसतं. कुणी बोलत नाही.

८ ते १४ सेकंद: एकच अखंड शॉट. स्क्रू पहिल्या फेऱ्यापासून डोकं टेकेपर्यंत आत जातो. मधे कट नाही.

१४ ते १७ सेकंद: ड्रॉवर आत सरकतो आणि नीट बंद होतो.

१७ ते २० सेकंद: ड्रिल, नाव, आणि पडद्यावर तेच वाक्य: ‘अरुंद कपाटातही स्क्रू सरळ.’ आवाजातही तेच.

त्या सहा सेकंदांच्या अखंड शॉटवरून एडिटरशी माझं भांडण झालं. त्याच्या मते मधे दोन कट टाकले तर वेग वाढला असता. पण कट आला की बघणारा मनातल्या मनात म्हणतो, मधे काहीतरी गडबड केली असणार. प्रात्यक्षिकाचा शॉट कापला की तो पुरावा राहत नाही, सजावट होतो.

लांब ड्रिलचाही घोळ झाला. आमचं जुनं मॉडेल वापरायचं ठरलं होतं, तर सेल्सवाले म्हणाले ते अजून विक्रीत आहे, त्याची बदनामी करू नका. दुसऱ्या कंपनीचं वापरलं तर रंगावरून कुणीही ओळखेल. शेवटी जुन्या मॉडेलवर मळकट करड्या रंगाचा विनाइल चढवला आणि चिन्हं झाकली. मात्र लांबी तीच, १९५. ठोकळा करून त्याहून लांब काही बनवलं असतं तर तुलनाच बनावट झाली असती.

पहिला कट तयार झाल्यावर मी तो आठ जणांना दाखवला. ज्यांनी शीट पाहिली नव्हती आणि ज्यांना ड्रिलशी काही घेणं नव्हतं असे चार, आणि चार फिटर. फोनवर, एकेकाला, एकदाच, आवाज बंद करून, कारण बहुतेक जण फीडमध्ये असाच बघणार. मग लगेच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून एकच प्रश्न: ‘‘काल दाखवलेला व्हिडिओ कशाबद्दल होता?’’ ‘आवडला का’ असं विचारायचं नाही. त्याला सगळे हो म्हणतात.

आठांपैकी पाच जण म्हणाले, ‘‘त्या ड्रिलला दिवा मस्त आहे.’’

मी डोक्याला हात लावला. स्क्रिप्टमध्ये दिव्याचा उल्लेखही नव्हता. पण कपाटाचा आतला भाग अंधारा होता, नवं ड्रिल आत आलं की एलईडी लागायचा आणि सगळं एकदम उजळून निघायचं. आवाज बंद असताना पडद्यावर घडणारा सर्वांत मोठा बदल तोच होता, म्हणून डोक्यात तोच राहिला. शब्दांत एकच मेसेज ठेवून आम्ही चित्रात नकळत दुसरा घुसवला होता. आम्ही ते दृश्य पुन्हा शूट केलं. या वेळी कपाटाच्या आत, फ्रेमबाहेर, एक छोटा दिवा आधीपासून लावून ठेवला, म्हणजे दोन्ही ड्रिलच्या शॉटमध्ये उजेड सारखाच. एलईडी लागलेला होता, पण कुणाचं लक्ष जाईना. दुसऱ्या फेरीत नव्या आठ जणांपैकी सहांनी स्क्रूबद्दल सांगितलं. एक फिटर म्हणाला, ‘‘ते स्क्रूचं डोकं चावतं ना, त्याच्यावर होता.’’ त्याने ड्रिलच्या लांबीचा उल्लेखही केला नाही, आणि मला तेच हवं होतं. आठ लोक म्हणजे सर्वेक्षण नव्हे, एवढ्यांवरून टक्केवारी काढू नका. पण मेसेज दुसरीकडेच गेला असेल तर ते आठांतही कळतं.

ही पद्धत दोन ठिकाणी अडते. तक्त्यात सगळं खोडून झाल्यावर एकही ओळ उरली नाही, असं होऊ शकतं. तेव्हा खोडलेल्या ओळींकडे परत जायचं आणि जी गोष्ट सगळ्यांकडे आहे पण कुणी दाखवलेलीच नाही ती उचलायची. मात्र तेव्हा ‘फक्त आमच्याकडे’ असा सूरही लागू द्यायचा नाही. दुसरी अडचण बघणारे दोन असतात तेव्हा येते. विक्रेत्याला दुरुस्तीला किती ड्रिल परत येतात याची काळजी, फिटरला स्क्रूची. एका व्हिडिओत दोघांना खूश करायला गेलात की पुन्हा ‘आणि’ येतो. विक्रेत्यासाठी वेगळा व्हिडिओ करा, तो साधा, बोलका, दोन मिनिटांचा असला तरी चालतो.

एक शेवटची कसोटी. यूट्यूबच्या बंपर जाहिरातीला कमाल ६ सेकंद मिळतात. तुमच्या २० सेकंदांतून ६ सेकंदांचा तुकडा काढून बघा. आमच्यात दीड सेकंद चावलेलं डोकं, तीन सेकंद सरळ जाणारा स्क्रू, दीड सेकंद वाक्य असं उरलं आणि नवीन काही शूट करावं लागलं नाही. इथे तीन सेकंदांसाठी तो अखंड शॉट सुरुवातीला कापावा लागला, शेवट मात्र तसाच ठेवला, डोकं टेकेपर्यंत. तुमच्या ६ सेकंदांत काय ठेवू आणि काय काढू असा वाद सुरू झाला, तर वाक्य अजून एक झालेलं नाही. तक्त्याकडे परत जा, आणि जाताना तुमच्या शीटवरची लांबी बिट लावून मोजलीये की न लावता, तेही इंजिनिअरांना विचारून घ्या.